बाटलीचा गळा

1977 साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे मराठी वाचकाला बहुधा ठाऊक असतं. तबकडीवर त्या भैरवीच्या लगेच नंतर काय आहे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तिथे टेक्ससच्या एका आंधळ्या गायकाचं, ब्लाइंड विली जॉन्सनचं, 1927 च्या डिसेंबरात डॅलसमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' आहे. सव्वातीन मिनिटांच्या आसपासची ही चीज. गाण्यात शब्द एकही नाही. नुसता घशातला हुंकार, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून गिटार.

दोन्ही तुकडे लागोपाठ ऐकावेत. जॉन्सनच्या गिटारवर स्वर थेट लागत नाही, खालून येतो, जागेवर पोचता पोचता थोडा घुटमळतो, पोचल्यावर थरथरतो आणि सोडताना घसरत जातो. आपण याला मींड, कण, आंदोलन अशी नावं देऊन मोकळे होऊ. पण गिटार हे मुळात असं काही करण्यासाठी बनवलेलं वाद्यच नव्हे. गिटारला ते करायला लावलं एका काचेच्या नळकांड्यानं. त्या नळकांड्यातून ब्लूज गायकाचा गळा पुढे रॉकच्या लीड गिटारमध्ये कसा उतरला, ते पाहण्यासारखं आहे.

आधी अडचण समजून घेऊ. गिटारच्या मानेवर धातूचे पडदे पक्के ठोकलेले असतात. सतारीचा पडदा वाकडा असतो, त्यावर तार ओढून चार-पाच स्वरांची मींड काढता येते, आणि पडदा सरकवताही येतो. गिटारचा पडदा सरकत नाही. दोन शेजारच्या पडद्यांच्या मध्ये जे असेल ते वादकाला नाकारलेलं असतं. ब्लूज गायकाचा सगळा जीव तर तिथेच अडकलेला. त्याचा गंधार धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो. कोमलापासून निघून शुद्धाकडे झुकतो आणि पुष्कळदा मध्येच राहतो. निषादाचं तेच. पियानोवर हा गंधार वाजत नाही, म्हणून पियानोवाले कोमल आणि शुद्ध दोन्ही पट्ट्या एकदम दाबून त्याचा भास निर्माण करतात. गिटारवाल्यानं पडद्यांना वळसाच घातला.

तार पडद्यावर दाबायचीच नाही. एखादी कठीण, गुळगुळीत वस्तू तारेवर नुसती टेकवायची आणि सरकवायची. जिथे वस्तू टेकली तिथे तारेची लांबी संपली. पडदे खाली असतात, पण ते आता केवळ खुणांपुरते. ही युक्ती आली कुठून, यावर अभ्यासकांत एकमत नाही. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू या मुलानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादी तुकड्यानं वाजवायला सुरुवात केली, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हवाईयन वादकांनी अमेरिका वेडी केली. (तीच गिटार नंतर कोलकात्यात आणि मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत स्थिरावली, रेडिओवर तिच्यावर वाजणारी सिनेमाची गाणी ऐकत आपल्याकडच्या दोन पिढ्या वाढल्या.) दुसरीकडे, मिसिसिपीतली कृष्णवर्णीय पोरं घराच्या भिंतीवर केरसुणीची तार ठोकून, तिच्याखाली बाटली अडकवून, एका हातानं छेडत आणि दुसऱ्या हातानं बाटली सरकवत वाजवायची. हे एकतारी खेळणं आफ्रिकेतून आलेल्या परंपरेचं आहे, असं मानणारेही पुष्कळ. मला दोन्ही खरं वाटतं. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की 1903 च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर त्यानं एक फाटका माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवताना ऐकला, आणि हवाईयन वादकांची आठवणही तिथेच काढलीय.

सुरीत एक खोट होती. ती हातात धरावी लागते, मग बोटं अडकतात. बाटलीचा गळा कापून बोटात अंगठीसारखा घातला की उरलेली बोटं मोकळी. म्हणून 'बॉटलनेक'. बाटलीच्या गळ्याभोवती काचेवर चरा पाडायचा, त्यावर रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा गुंडाळून पेटवायचा, आणि काच तापली की थंड पाण्यात बुडवायची. जमलं तर गळा चऱ्यावर सुटतो, नाही तर तिरका तडकतो. कड घासून बोथट केली नाही तर बोट कापतं. पुढे पितळी आणि पोलादी नळ्या आल्या. त्या जड असतात, आवाज मोठा आणि खरखरीत. काच हलकी, तिचा स्वर गोल. कोणती चांगली, यावर वादक रात्र रात्र घालवू शकतात.

पहिल्यांदा हात घालणाऱ्याची फजिती ठरलेली. त्याला सवय असते पडद्याच्या मागे बोट दाबायची. स्लाइड तशी मागे ठेवली की स्वर पाव स्वराने उतरलेला लागतो. स्लाइड नेमकी पडद्याच्या डोक्यावर हवी, आणि पडद्याला समांतर. दुसरी चूक जोराची. दाबली की तार पडद्यावर आपटते आणि खडखडाट होतो. म्हणून स्लाइडवाले तारा जरा जाड लावतात आणि घोडीवर उंच उचलून घेतात. तिसरी चूक कानाला सगळ्यात आधी खुपते, पण वाजवणाऱ्याला लवकर सापडत नाही. स्लाइड टेकली की तार दोन्ही बाजूंना वाजते. पुढे हवा तो स्वर, आणि मागे, मानेच्या टोकाकडे, एक भुताटकीचा बेसूर. म्हणून स्लाइड अनामिकेत असेल तर तर्जनी आणि मध्यमा तिच्या मागे तारांवर अलगद ठेवून ती बाजू मुकी करायची. उजव्या हातालाही कामं लागतात: एक बोट छेडतं, बाकीची शेजारच्या तारा गप्प धरतात. चांगल्या स्लाइडवादकाचे हात जवळून पाहिले तर त्यातला मोठा भाग न वाजवण्यात गुंतलेला दिसतो.

तारा लावण्याची पद्धतही बदलते. नेहमीच्या जुळवणीत सहा तारांवर आडवी स्लाइड ठेवली तर गोंगाट येतो. म्हणून मोकळ्या तारांतूनच एक सुरेल संगत निघेल अशा त्या लावतात. ब्लूजवाल्यांच्या एका आवडत्या जुळवणीत जाड तारेपासून बारीकपर्यंत सा प सा ग प सा येतं. आपल्या तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला यात परकं काहीच नाही. आता बाराव्या पडद्यावर स्लाइड आडवी ठेवली की तीच संगत वरच्या सप्तकात मिळते, ते घर. सगळ्यात बारीक तारेवर बारावा पडदा हा सा. दोन पडदे मागे कोमल नी. तिथून सरकत घरी यायचं, ही ब्लूजची हजारदा वापरलेली आणि तरी न शिळावणारी हालचाल. पुढे पंधराव्या पडद्यावर कोमल गंधार, सोळाव्यावर शुद्ध. साधारण गिब्सन गिटारवर या दोन पडद्यांत जेमतेम दीड सेंटिमीटर अंतर असतं. गायकाचा तो अधांतरी गंधार त्या दीड सेंटिमीटरमध्ये कुठेतरी आहे, आणि कुठे थांबायचं ते पडदा सांगत नाही, कानच सांगतो. दर मिलिमीटरला स्वर हलतो. म्हणून स्लाइडवर खोटं गाता येत नाही. सुरात नसलेला वादक पहिल्या दोन स्वरांत उघडा पडतो.

थरथरीचंही असंच. बोटानं तार ओढून कंप दिला तर स्वर मूळ जागेवरून फक्त वर जातो आणि परत येतो. स्लाइड मात्र जागेच्या दोन्ही बाजूंना झुलते, थोडी खाली, थोडी वर. माणसाचा गळाही असाच झुलतो. कानाला स्लाइडचा लांब स्वर 'माणसासारखा' वाटतो, त्याचं मोठं कारण हे.

आता परत ब्लाइंड विली जॉन्सनकडे. तो ब्लूज गायक म्हणवून घेत नसे. रस्त्याच्या कोपऱ्यावर देवाची गाणी गाणारा धर्मप्रचारक होता. त्या काळी दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये भजनाची एक रीत होती: पुढारी एक ओळ म्हणणार, आणि मग सगळी मंडळी तीच ओळ लांबवून, हेलकावत, प्रत्येकाच्या आपापल्या वळणानं गाणार. 'डार्क वॉज द नाइट' हे मूळ अशाच एका अठराव्या शतकातल्या इंग्रजी भजनाचं शीर्षक. जॉन्सननं शब्द टाकून दिले आणि पुढारी आणि मंडळी, दोन्ही भूमिका गळा आणि गिटार यांच्यात वाटून घेतल्या. इतर गाण्यांत तो आणखी एक खोडी करतो. ओळ गाता गाता शेवटचे शब्द गिळतो, आणि ते शब्द स्लाइड पुरे करते. शब्द म्हटलेच जात नाहीत, तरी ऐकणाऱ्याला ते कळतात, कारण गिटारनं त्यांचे चढउतार, त्यांची लांबी आणि शेवटच्या अक्षराचं पडणं जसंच्या तसं उचललेलं असतं.

माझ्या मते सगळ्या गोष्टीचं बीज यात आहे. ब्लूजच्या बारा मात्राखंडांच्या रचनेत तीन ओळी येतात, दर ओळीला चार खंड. गायक त्यातले अडीचएक वापरतो, उरलेल्या जागेत वाद्य उत्तर देतं. म्हणजे वाद्याला सवाल-जवाबातली अर्धी जागा आयती मिळालेली. ते उत्तर गळ्याच्या ढंगात द्यायची सवय बॉटलनेकवाल्यांनी लावली. सन हाऊसकडून ती मडी वॉटर्सनं घेतली, आणि तो 1943 मध्ये मिसिसिपीतली शेतमजुरी सोडून शिकागोला गेला. तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्यानं विजेवरची घेतली. 1948 च्या 'आय कान्ट बी सॅटिस्फाइड'मध्ये ती स्लाइड डंख मारल्यासारखी वाजते. 1951 मध्ये एल्मोर जेम्सनं 'डस्ट माय ब्रूम' वाजवलं. हे गाणं रॉबर्ट जॉन्सननं 1936 मध्येच गायलं होतं आणि त्यातली तीन-तीनच्या लयीतली तान बोटांनीच वाजवली होती. एल्मोरनं तीच बाराव्या पडद्यावर स्लाइड ठेवून, विजेच्या आवाजात, दार धडकवावं तशी वाजवली. 1962 च्या लंडनमध्ये ब्रायन जोन्स हा गोरा पोरगा एल्मोरची नक्कल करत क्लबात वाजवत असे. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांनी त्याला पहिल्यांदा ऐकलं ते तसं वाजवतानाच.

विजेनं केवळ आवाज मोठा झाला नाही. लाकडी गिटारवर छेडलेला स्वर झपाट्यानं विरतो; लांब मींड घ्यायला जावं तर निम्म्या वाटेत आवाज संपतो. म्हणून जुन्या वादकांची वाक्यं तोकडी. अॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर चढवला की मात्र एक वेगळीच गोष्ट घडते: जोराचा भाग दाबला जातो, हळू भाग वर उचलला जातो आणि स्वर कितीतरी वेळ जवळजवळ एकाच जोमानं टिकतो. आता एकाच छेडण्यात निघणं, चढणं, रेंगाळणं, उतरणं, सगळं बसू शकत होतं. गायकाच्या एका श्वासाएवढी ओळ गिटारला मिळाली. उत्तर देणाऱ्या वाद्याला आता गायकाची गरजच उरली नव्हती. ही संधी पुरेपूर घेणारा माणूस होता ड्वेन ऑलमन.

त्याची हकिकत त्याचा धाकटा भाऊ ग्रेग सांगत असे. 1968 साल. ड्वेन घोड्यावरून पडून कोपर दुखावून बसला होता, वर सर्दीनं बेजार, आणि पडण्याचं खापर त्यानं ग्रेगवर फोडलेलं. दोघांचं बोलणं बंद. ड्वेनचा बाविसावा वाढदिवस आला तेव्हा ग्रेगनं सर्दीच्या गोळ्यांची एक काचेची बाटली आणि ताज महाल या ब्लूज गायकाची पहिली तबकडी दारात ठेवली, दार ठोठावलं आणि पळ काढला. त्या तबकडीवर 'स्टेट्सबरो ब्लूज' होतं. ब्लाइंड विली मॅकटेलनं 1928 मध्ये गायलेल्या मूळ गाण्यात स्लाइड नव्हती. ताज महालच्या साथीला असलेल्या जेसी एड डेव्हिसनं ती घातली. ड्वेननं ते ऐकलं, गोळ्या टेबलावर ओतल्या, बाटलीवरचा कागद धुऊन काढला आणि ती अनामिकेत चढवून वाजवू लागला. 'कोरिसिडिन'ची ती बाटली एका बाजूनं बंद, बोटाला घट्ट बसणारी, सरळ भिंतींची. पुढे ती इतकी नावाजली की आज वाद्यांच्या दुकानांत तिच्या नकला विकायला असतात, गोळ्यांशिवाय.

1971 च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट नाट्यगृहात ऑलमन ब्रदर्स बँडचे प्रयोग ध्वनिमुद्रित झाले. त्याच वर्षी निघालेल्या अल्बमची सुरुवात 'स्टेट्सबरो ब्लूज'नं होते. तोवर ड्वेन पिक टाकून अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांनी छेडायला लागला होता. एक तार बोलली की बाकीच्या त्याच बोटांनी बंद. या गाण्यात पहिल्यांदा तोंड उघडते ती स्लाइड, वरच्या सप्तकात. ग्रेग त्यानंतर गायला लागतो. इथे कान देऊन ऐकावं असं एक ठिकाण आहे. ग्रेगची ओळ संपते, शेवटचं अक्षर तो खाली सोडतो, आणि ड्वेन जवळजवळ त्याच उतारावरून ओळ उचलतो, जणू दुसऱ्याच गळ्यातून तीच तक्रार पुढे चालू. मग गायक थांबतो आणि स्लाइड एकटी बोलू लागते. तिची वाक्यं तेव्हाही गायकाच्या मापाचीच राहतात: म्हटलं, थांबलं, जरा बदलून पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा निकाल दिला. मधे दम घ्यायला जागा. पुष्कळ रॉक गिटारवाले सोलोत स्वरांचा पाऊस पाडतात, कारण बोटांना थांबायचं काही कारण नसतं. ड्वेन थांबतो. मला त्याचं मोठेपण वेगापेक्षा या थांबण्यात दिसतं.

आदल्या वर्षी, मायामीत, त्यानं एरिक क्लॅप्टनच्या 'लैला'वरही स्लाइड वाजवली होती. गाण्याच्या दुसऱ्या, पियानोच्या भागात ती इतकी वर चढते की मानेवरचे पडदे संपतात आणि बाटली तारांच्या मोकळ्या भागावर सरकते. तिथे खुणा नाहीत आणि स्वर एकमेकांच्या अगदी जवळ. मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तरी कानाला कळतं. तयार कानाला त्या भागात काही स्वर चढे लागल्यासारखे वाटतील, आणि ते तसे आहेतही. तरी ते काढून टाकावेसे वाटत नाहीत, कारण कळवळून गाणाराही पुष्कळदा सुराच्या किंचित वर जातो. त्याच वर्षीच्या, म्हणजे 1971 च्या 29 ऑक्टोबरला मेकन गावात मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. वय 24. बाटली हातात घेतल्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्याच्या बँडमध्ये 1999 मध्ये त्याच्या जागी उभा राहिलेला डेरेक ट्रक्स हा कॅलिफोर्नियातल्या अली अकबर कॉलेजात जाऊन शिकलेला. त्याच्या स्लाइडमध्ये सरोदची वळणं ऐकू आली तर तो भास नव्हे.

स्लाइडला मर्यादाही आहेत, आणि त्यांच्यामुळेच गोष्टीला दुसरा फाटा फुटला. एका सरळ नळीला सहा तारांवर वेगवेगळ्या पडद्यांवर बसता येत नाही. म्हणून शुद्ध गंधाराची संगत आयती मिळते, पण कोमल गंधाराची घ्यायला कसरत पडते, आणि जलद, तुटक ताना तर स्लाइडच्या स्वभावातच नाहीत. शिवाय सगळ्यांच्या हाताला ती बसत नाही. बी. बी. किंगच्या बसली नाही. त्याचा नातेवाईक बुका व्हाइट हा मेम्फिसमधला नाणावलेला बॉटलनेकवादक, आणि बी. बी. त्याच्याकडे राहिलेला. बुकाचा तो थरथरता, गाणारा स्वर त्याला हवा होता आणि नळी काही केल्या जमेना. मग त्यानं तर्जनी तारेवर रोवली आणि मनगट पंख्यासारखं फडफडवलं. स्वर हवा तिथे तार बाजूला ढकलून वर चढवला. स्लाइडचा आवाज स्लाइडविना. तो स्वतःच हे कुणालाही मोकळेपणानं सांगत असे.

क्लॅप्टनसारखी इंग्लंडमधली पोरं साठीच्या दशकात तबकड्या घासून घासून जे शिकली, त्यात बी. बी. चा हा फडफडता स्वर आणि ताणलेली तार पहिल्या रांगेत होती. आज कुठल्याही रॉक बँडचा लीड गिटारवाला लांब स्वर ताणून वर नेतो, टोकाला जाऊन डोळे मिटून थरथरवतो, तेव्हा त्याच्या बोटात काच नसते आणि बहुधा बुका व्हाइटचं नावही त्याला ठाऊक नसतं. खातरजमा करायची असेल तर बुकाची 1940 मधली ध्वनिमुद्रणं आधी लावावीत, लगोलग बी. बी. चं 1969 मधलं 'द थ्रिल इज गॉन', आणि मग फिलमोर ईस्टवरचा ड्वेन. तिन्ही ठिकाणी लांब स्वराच्या शेवटाकडे लक्ष ठेवावं, तो कसा सोडला जातो तिकडे.